भाड्याचे घर रिकामे करण्याबाबत तीस दिवसांची लेखी पूर्वसूचना

दिनांक : १२ जानेवारी २०२६, सोमवार

प्रति,
मा. श्री. साठे,
घरमालक, सदनिका क्र. ३०४, तिसरा मजला

विषय : भाडेकराराच्या कलम ९ नुसार सदनिका रिकामी करण्याची पूर्वसूचना, शेवटचा दिवस ११ फेब्रुवारी २०२६

संदर्भ : आपल्यातील दिनांक १ जुलै २०२५ चा अकरा महिन्यांचा भाडेकरार

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या वरील सदनिकेत १ जुलै २०२५ पासून भाडेकरू म्हणून राहत आहे. नोकरीच्या ठिकाणात बदल झाल्यामुळे मला हे घर कराराची मुदत संपण्यापूर्वी, म्हणजे ३१ मे २०२६ च्या आधी, सोडावे लागत आहे. कराराच्या कलम ४ प्रमाणे पहिले सहा महिने कोणत्याही पक्षाला करार मोडता येत नव्हता. ती मुदत ३१ डिसेंबर २०२५ रोजी पूर्ण झाली असल्याने कलम ९ मधील पूर्वसूचनेचा अधिकार आता दोघांनाही आहे, आणि त्याच अधिकारात हे पत्र मी आपल्याला देत आहे.

घर सोडण्याची तारीख कशी काढली आहे, हे येथे सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे हिशोबाच्या वेळी त्यावरून मतभेद होणार नाही. कलम ९ चे शब्द असे आहेत : “कोणत्याही पक्षास दुसऱ्या पक्षाला तीस दिवसांची लेखी पूर्वसूचना देऊन हा करार संपुष्टात आणता येईल, सदर तीस दिवस पूर्वसूचना हाती पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजले जातील.” हे पत्र मी आज, १२ जानेवारी रोजी, आपल्या हाती समक्ष देत असून दुसऱ्या प्रतीवर आपली तारखेसह पोच घेत आहे. त्यामुळे आजचा दिवस मोजणीत येत नाही आणि १३ जानेवारी हा पहिला दिवस ठरतो. १३ ते ३१ जानेवारी, दोन्ही दिवस धरून, १९ दिवस होतात. उरलेले ११ दिवस १ ते ११ फेब्रुवारी असे पुरे होतात. म्हणजे तिसावा दिवस बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६ हा येतो. त्या दिवसापर्यंत घर माझ्या ताब्यात राहील आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी ते आपल्या स्वाधीन करीन. मधले रविवार व सुट्ट्या वगळायच्या, असे करारात कोठेही म्हटलेले नाही. म्हणून त्या मी धरल्या आहेत.

मागील आठवड्यात दूरध्वनीवर बोलताना आपण असे सुचवले होते की, फेब्रुवारी सुरू होणारच असेल तर भाडे पूर्ण महिन्याचे धरावे आणि घर २८ तारखेला सोडावे. आपली अडचण मी समजू शकते, कारण नवीन भाडेकरू बहुधा महिन्याच्या एक तारखेपासूनच येतात. तथापि कलम ९ मध्ये ‘तीस दिवस’ असे म्हटले आहे. ‘एक महिना’ किंवा ‘महिनाअखेर’ असे म्हटलेले नाही, आणि हा फरक केवळ शाब्दिक नाही. ‘एक महिना’ असता तर मुदत १२ फेब्रुवारीला संपली असती, ‘महिनाअखेर’ असती तर २८ फेब्रुवारीला. तीस दिवस मात्र ११ तारखेलाच पूर्ण होतात. महिना कितीही दिवसांचा असो, मोजणी दिवसांनीच करायची, असा त्या कलमाचा सरळ अर्थ आहे. म्हणून २८ तारखेची सूचना मला मान्य करता येत नाही.

भाड्याबाबत कलम ६ स्पष्ट आहे : अपुऱ्या महिन्याचे भाडे त्या महिन्यातील प्रत्यक्ष दिवसांच्या प्रमाणात आकारायचे. जानेवारीचे संपूर्ण भाडे मी भरले असून त्याची पावती माझ्याकडे आहे. फेब्रुवारी २०२६ हा २८ दिवसांचा असल्याने, त्या महिन्याचे माझ्याकडून देय असलेले भाडे मासिक भाड्याच्या २८ पैकी ११ भाग इतके होते. तीस दिवसांच्या हिशोबाने भागले तर रक्कम थोडी कमी येते, परंतु ते करारास धरून होणार नाही. ही रक्कम मी नेहमीप्रमाणे ५ फेब्रुवारीपूर्वी आपल्या खात्यात जमा करीन. ती अनामतीतून वळती करून घ्यावी अशी माझी विनंती नाही. भाडे आणि अनामत हे हिशोब वेगळेच राहिलेले बरे.

वीजबिलाची बाब थोडी वेगळी आहे, कारण शेवटचे बिल मी गेल्यानंतर येईल. ११ तारखेला आपण दोघांनी मिळून मीटरवरील आकडा पाहावा, त्याचा फोटो घ्यावा आणि तो आकडा ताबापत्रात लिहावा. मागील बिलातील आकड्यापासून त्या दिवसापर्यंतच्या वापराची अंदाजे रक्कम आपण अनामतीतून राखून ठेवावी, आणि प्रत्यक्ष बिल आल्यावर सात दिवसांत कमी-जास्त मिटवावे. उरलेली अनामत कलम ११ प्रमाणे ताबा घेताना परत करायची असून ती मी ज्या खात्यातून दिली होती त्याच खात्यात जमा करावी.

घराच्या स्थितीविषयी दोन गोष्टींची नोंद करते. दिवाणखान्यात पुस्तकांची फळी लावण्यासाठी मी आपल्या परवानगीने भिंतीत चार छिद्रे पाडली होती. ती बुजवून त्यावर त्याच छटेचा रंग मी माझ्या खर्चाने लावून देईन. न्हाणीघराच्या छताखालच्या कोपऱ्यात मात्र रंगाचे पोपडे निघाले आहेत, ते वरच्या मजल्यावरून झिरपणाऱ्या पाण्यामुळे. सप्टेंबर २०२५ मध्ये मी आपल्याला फोटोसह कळवले होते आणि आपण स्वतः येऊन पाहणीही केली होती. ती दुरुस्ती माझ्या वापरामुळे उद्भवलेली नसल्याने तिचा खर्च अनामतीतून कापला जाणार नाही, असे मी गृहीत धरते. राहायला येताना आपण दोघांनी सह्या केलेली सामानाची यादी माझ्याकडे आहे. ताबा देताना त्याच यादीवरून पंखे, दिवे, गीझर आणि कपाटे तपासून घेता येतील. मुख्य दाराच्या दोन्ही चाव्या आणि टपालपेटीची चावी त्याच वेळी देईन.

आपल्याला मधल्या काळात इच्छुकांना घर दाखवायचे असल्यास माझी हरकत नाही. मात्र आदल्या दिवशी कळवावे आणि वेळ संध्याकाळी सहानंतरची ठेवावी. मी घरी नसताना आत येऊ नये. नवीन भाडेकरू ११ फेब्रुवारीपूर्वीच येण्यास तयार झाल्यास आणि आपल्या दोघांना सोयीचे असल्यास मी आधीही ताबा देऊ शकेन. त्यासाठी मात्र नवी तारीख आणि त्या तारखेपर्यंतचेच भाडे लेखी ठरवावे लागेल.

या पत्राची एक प्रत आपल्या ईमेल पत्त्यावर आजच पाठवत आहे. मुदत मात्र हाती दिलेल्या प्रतीवरील पोचेच्या तारखेपासूनच मोजावी. काही कारणाने आपल्या पोचेवर १३ जानेवारी ही तारीख पडली, तर मोजणी १४ तारखेपासून सुरू होऊन शेवटचा दिवस १२ फेब्रुवारी होईल आणि भाडे २८ पैकी १२ भाग असे धरावे लागेल. तारखेविषयी आपली काही हरकत असल्यास ती २० जानेवारीपर्यंत लेखी कळवावी, म्हणजे सामान हलवण्याची व्यवस्था मला वेळेत नक्की करता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
अनघा पेठे
भाडेकरू, सदनिका क्र. ३०४

सोबत : भाडेकराराच्या कलम ४, ६, ९ व ११ असलेल्या पानांची छायाप्रत, जानेवारी २०२६ च्या भाडेपावतीची छायाप्रत, सामानाच्या यादीची छायाप्रत

पोच : वरील पत्राची मूळ प्रत सहपत्रांसह दिनांक १२ जानेवारी २०२६ रोजी समक्ष मिळाली.
श्री. साठे, घरमालक