विषय: ज्युनिअर सॉफ्टवेअर टेस्टर पदासाठी अर्ज – सायली, बीई कॉम्प्युटर

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

ज्युनिअर सॉफ्टवेअर टेस्टरच्या जागेसाठी मी अर्ज करते आहे. जाहिरातीत एपीआय टेस्टिंग, एसक्यूएल आणि बगची नेमकी नोंद या गोष्टींवर भर आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मी हेच काम केलं, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

आम्ही चौघांनी कॉलेजच्या लॅबमधली मशीन बुक करण्यासाठी वेब अ‍ॅप बनवलं. टेस्टिंग माझ्याकडे होतं. एकट्याने बुकिंग केलं की सगळं सुरळीत चालायचं, पण दोघांनी एकाच क्षणी तोच स्लॉट निवडला की दोघांनाही तो मिळायचा. स्लॉट रिकामा आहे का हे तपासणं आणि नोंद करणं या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरी रिक्वेस्ट शिरत होती. पोस्टमनमधून एकेक रिक्वेस्ट पाठवून हे कधीच दिसलं नसतं. मी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहून अनेक रिक्वेस्ट एकदम सोडल्या, तेव्हा बग दर वेळी हमखास दाखवता येऊ लागला. मग डेटाबेसमध्येच `UNIQUE (machine_id, slot)` ही अट घातली. आता दुसऱ्या रिक्वेस्टला `409` मिळतो. या बगचा दोन पानी रिपोर्ट सोबत जोडला आहे. वेळ कमी असेल तर रेझ्युमेच्या आधी कृपया तोच पाहावा.

आता गुणांविषयी. माझा सीजीपीए ६.३ आहे. तिसऱ्या सत्रात गणित-३ आणि डिस्क्रीट मॅथ्स या दोन विषयांत केटी लागली होती. माझा गणिताचा पाया कच्चा होता. दोन्ही विषय पुढच्या वर्षी सुटले. पाचव्या सत्रातला थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन मात्र अजून बाकी आहे. त्याची परीक्षा नुकतीच दिली आहे, निकाल यायचा आहे, त्यामुळे पदवी प्रमाणपत्र आज माझ्या हातात नाही. सातव्या आणि आठव्या सत्रांत सगळे विषय पहिल्याच प्रयत्नात सुटले, एसजीपीए ७.४ आणि ७.६ आहे.

जाहिरातीत बॅकलॉगबद्दल अट दिलेली नाही. तशी अट असेल तर कृपया कळवावं, निकाल लागल्यावर मी पुन्हा अर्ज करेन. नसेल, तर तुमच्या एखाद्या एपीआयवर किंवा नमुना अ‍ॅपवर मला टेस्टिंगचं काम देऊन पाहावं, ही विनंती. मी लगेच रुजू होऊ शकते. निकाल काहीही लागला तरी त्याच दिवशी तुम्हाला कळवेन.

रेझ्युमे, बग रिपोर्ट आणि केटीच्या सत्रांसह आठही सत्रांच्या गुणपत्रिका सोबत आहेत. फोन नंबर रेझ्युमेवर आहे.

आपली विश्वासू,
सायली