बगला स्क्रीनशॉट जोडण्याआधी: टेस्टर्ससाठी चेकलिस्ट

☐ फाइलच्या नावात बग क्रमांक, स्क्रीन, तारीख. स्पेस नको. तारखेत वर्ष आधी, म्हणजे क्रम आपोआप लागतो. ‘final_new2’ कुणालाच कळत नाही.

```
BUG-2147_payment_2025-03-18_01.png
```

☐ पीएनजीच. जेपीजीत बारीक अक्षरं फाटतात.

☐ अ‍ॅड्रेस बार आणि बिल्ड नंबर दिसतोय? नुसता लाल एरर कापून पाठवला की डेव्हलपर पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘कुठल्या बिल्डवर?’

☐ मोबाइल नंबर, टोकन काळ्या चौकोनाने पूर्ण झाका. ब्लर पुरत नाही. मूळ प्रत शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवू नका.

☐ फाइल स्प्रिंटच्या फोल्डरमध्ये, डेस्कटॉपवर नाही.

☐ स्क्रीनशॉट बगलाच जोडा. चॅटमधला सापडत नाही.

☐ एररचा मजकूर टाइपही करा. चित्रातली अक्षरं सर्चला सहसा सापडत नाहीत.