बारा नंबर खाटेवरच्या माईसाठी

म्हार्दोळ, फोंडा
८ सप्टेंबर २०२५

बायकांच्या वॉर्डातल्या सर्व सिस्टर आणि डॉक्टर,
गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळ, बांबोळी

सप्रेम नमस्कार.

बारा नंबर खाटेवरच्या माईची मी थोरली लेक. ३ ऑगस्टला आम्ही आईला १०८ मधून तुमच्याकडे आणलं आणि १९ तारखेच्या पहाटे ती गेली. त्या वेळी तुमचे धड आभारही मानता आले नाहीत. नंतर सुतक, यंदा घरात चवथही नाही, मग तेरावं. आता पाहुणे गेलेत, म्हणून लिहायला बसले आहे.

बाबा २०१४ साली गेले, ते दुसऱ्या एका इस्पितळात. शेवटचे सहा दिवस आम्ही काचेच्या बाहेर होतो. त्यांना किती दुखतंय, ते वाचणार आहेत की नाही, कुणीच सरळ सांगितलं नाही. माईच्या स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पसरल्याचं कळलं, तेव्हा तिच्या मरणापेक्षा मला त्या काचेचीच भीती जास्त वाटत होती.

डॉक्टर, पहिल्याच संध्याकाळी तुम्ही भावाला आणि मला बाजूला बसवून घेतलंत आणि 'आता आजार बरा होणार नाही, पण दुखणं कमी करणं आपल्या हातात आहे,' असं स्वच्छ कोंकणीत सांगितलंत. मी मॉर्फिनला घाबरले होते. माझी मावशी तर 'अफू देतात' म्हणून रडायलाच लागली. तुम्ही तिलाही समजावलंत: थोड्या मात्रेपासून सुरू करायचं, दुखणं पाहून वाढवायचं, बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून सोबत औषध द्यायचं. तिसऱ्या रात्री माई सलग पाच तास झोपली. त्याआधी तीन आठवडे ती उशी पोटाशी धरून बसूनच रात्र काढायची.

तिनं पेज घेणं सोडलं, तेव्हा मी नळी घाला, सलाईन वाढवा म्हणून तुमच्याशी भांडले. त्याची मला आज लाज वाटते. शरीर आवरतं घेऊ लागलं की भूक आपोआप मरते आणि जास्तीचं पाणी छातीत साचून धाप वाढू शकते, हे तुम्ही एकदा नाही, तीनदा सांगितलंत, आवाज न चढवता. सिस्टरनं ओल्या कापसानं ओठ आणि जीभ कशी पुसायची ते दाखवलं. मला काहीतरी करायला मिळालं. ते मी शेवटपर्यंत केलं.

आणि सिस्टर, तुमचं बोलणं. दर दोन तासांनी कूस बदलायला येताना तुम्ही आधी सांगायच्या, "माई, मात्शें कुशीक करतां हां." शेवटचे तीन दिवस ती डोळेही उघडत नव्हती, तरी एकदाही न सांगता तिला हात लावलेला मी पाहिला नाही. तिच्या पाठीला एक जखम झाली नाही. भाऊ घरून जायो आणायचा. आमच्या अंगणातलीच, म्हाळसेच्या जायांच्या पूजेला माई दरवर्षी द्यायची ती. रात्रपाळीच्या सिस्टर, तुमची भाषा मल्याळम, पण पहिल्याच दिवशी तुम्ही त्या फुलांचं नाव विचारून घेतलंत. सकाळी सुकलेली फुलं कचऱ्यात न टाकता एका वाटीत ठेवायच्या. ती वाटी मी घरी आणली आहे.

शेवटच्या रात्री तिच्या घशातली घरघर ऐकवेना. तुम्ही तिला कुशीवर वळवलंत, इंजेक्शन दिलंत आणि माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलंत की हा आवाज आपल्याला जेवढा सोसवत नाही, तेवढा तिला त्रास होत नसणार. पडदा ओढून आम्हाला स्टूल दिलंत. रात्री दोन वाजता गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यांनी भावाला सोडलं, त्यांचेही उपकार आहेत. पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी माई गेली, तेव्हा तिचा एक हात माझ्या हातात होता, दुसरा त्याच्या.

मग सलाईनची सुई काढायला तुम्ही आलात. ती गेली आहे हे तुम्हाला माहीत होतं. तरी वाकून म्हणालात, "माई, सुय काडटां हां."

सिस्टर, मी रोज त्या वाक्यापाशी येऊन थांबते.

ज्यांनी तिचं अंग पुसलं, केस विंचरून आंबाडा घातला, त्या अटेंडंट बाईंना आणि रोज 'आज कशी आहे माई?' विचारणाऱ्या झाडूवाल्या मावशींना हे पत्र वाचून दाखवा.

भावाबरोबर माईची हवेची गादी पाठवते आहे, धुऊन उन्हात वाळवलेली. पंप चालू आहे. डायपरची दोन पाकिटंही आहेत, न फोडलेली. बारा नंबरवर आता जी कोणी असेल, तिला गरज असली तर द्या. पुडीत जायो आहेत, त्या रात्रपाळीच्या सिस्टरना.

तुमची ऋणी,
माईची थोरली लेक