पुण्यातील किराणा व्यवसायाचे पाच स्पर्धात्मक शक्तींच्या आधारे विश्लेषण

एमबीए, पहिले वर्ष. विषय: उद्योग विश्लेषण. स्वाध्याय 2

व्याप्ती

मायकेल पोर्टर यांनी 1979 मध्ये मांडलेली पाच शक्तींची चौकट मी सिंहगड रस्ता परिसरातल्या गल्लीबोळातील किराणा दुकानांना लावली आहे. त्यासाठी वडगाव बुद्रुकमधल्या मामांच्या दुकानात चार मंगळवार गल्ल्याशेजारी बसले. मंगळवार एवढ्याचसाठी, की त्या दिवशी कंपन्यांचे सेल्समन ऑर्डर घ्यायला येतात. माझा मुद्दा असा, की किराणा दुकान हा एकच व्यवसाय समजून विश्लेषण केले तर उत्तर चुकते. एकाच गल्ल्यामागे पाकीटबंद माल आणि सुटा माल असे दोन धंदे चालतात आणि दोन्हींवर येणारा दाब वेगळा असतो.

पुरवठादारांची ताकद

साबण, टूथपेस्ट, बिस्किटे या मालावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. कायद्याने त्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. म्हणजे दुकानदाराला माल कितीला पडणार आणि तो जास्तीत जास्त कितीला विकता येणार, ही दोन्ही टोके पुरवठा साखळीच ठरवते. पोर्टर यांच्या चौकटीत पुरवठादार खरेदीच्या बाजूने दाबतो, आपल्याकडे तो विक्रीची बाजूही धरून ठेवतो.

मामांच्या बिलावर 100 रुपये छापील किमतीची डिटर्जंटची पिशवी 91 रुपयांना लागली होती. त्याच आठवड्यात एका मोठ्या दुकानात ती 89 रुपयांना विकायला होती. मामांनी सेल्समनला विचारले, तर तो म्हणाला, "काका, मोठ्यांचा रेट आमच्या हातात नाही. पाच पेट्या घ्या, स्कीम लावून देतो." 200 चौरस फुटांच्या दुकानात पाच पेट्या ठेवायच्या कुठे? ही तक्रार एकट्या मामांची नाही. 2022 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी याच दरातील तफावतीवरून कोलगेटच्या काही उत्पादनांचा पुरवठा थांबवला होता.

सुट्या मालात चित्र उलटे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील भुसार बाजारात तांदूळ, डाळी, गूळ, शेंगदाणे विकणारे घाऊक व्यापारी भरपूर आहेत. एकाकडे तूरडाळ पटली नाही, तर मामा पुढच्या गाळ्यावर जातात, मूठभर डाळ हातात घेऊन बघतात आणि मग भाव करतात. शिवाय 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी लागतो, सुट्यावर लागत नाही.

ग्राहकांची ताकद

पाकीटबंद मालात ग्राहक पूर्ण मोकळा आहे. तीच वस्तू, तेच वजन, भाव मोबाइलवर दिसतो. महिन्याची यादी डी-मार्टला आणि अधलेमधले मामांकडे, अशी विभागणी बऱ्याच घरांनी करून टाकली आहे. सुट्या मालात मात्र "मागच्या वेळचा कोलम द्या, तो मोकळा शिजतो" असे सांगणाऱ्या काकू सहसा दुकान बदलत नाहीत. उधारीची वही हा दुसरा धागा. पगार दहा तारखेला होणाऱ्या घरासाठी ती वही म्हणजे बिनव्याजी कर्जच. पण त्यात मामांचे भांडवल अडकते, म्हणून ती फायद्याची बाजू म्हणून सरसकट मोजणे मला पटत नाही.

पर्यायांचा धोका

ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट यांना मी स्पर्धकांऐवजी इथे ठेवते, कारण "पळत जा आणि घेऊन ये" हे काम ही ॲप्स हिरावून घेत आहेत आणि नाक्यावरचे दुकान मुळात त्याच कामावर उभे होते. भाड्याने राहणारी तरुण मुले यात सर्वांत आधी गेली. पाच रुपयांची कोथिंबीर, पावशेर पोहे एवढ्यासाठी मात्र अजून दुकानच लागते.

नव्यांचा प्रवेश

अडथळा जवळजवळ नाही. शॉप ॲक्टची नोंद, अन्नसुरक्षेची नोंदणी आणि गाळा मिळाला की दुकान सुरू. खरा अडथळा गाळ्याच्या भाड्याचा. मामांचा गाळा स्वतःचा आहे. भाडे भरावे लागले असते, तर हा हिशेब बसलाच नसता.

आपसातील स्पर्धा

एका गल्लीत तीन दुकाने असूनही भावाची मारामारी नाही. छापील किमतीखाली फार उतरायला जागाच उरत नाही. स्पर्धा होते ती घरपोच देण्यात आणि रात्री उशिरापर्यंत उघडे राहण्यात.

शिफारस

दर्शनी भागातील दोन रॅक आज साबण-शाम्पूंनी भरलेले आहेत. त्यांपैकी एक रिकामा करून तिथे तांदळाचे चार वाण, डाळी आणि घरचे भाजणीचे पीठ उघड्या डब्यांऐवजी काचेच्या झाकणाच्या डब्यांत ठेवावे. वहीची मर्यादा प्रत्येक घरामागे एका महिन्याच्या किराण्याइतकीच ठेवावी. पहिली गोष्ट मामांनी मान्य केली आहे. वहीबद्दल मामी म्हणाल्या, "कुणाला नाही म्हणायचं, ते तू येऊन सांग."