फोटोतली चार मुलं

नमस्कार मंडळी. मागच्या खुर्च्यांपर्यंत आवाज येतोय ना? मला तीनच मिनिटं दिलीत आणि भाऊ घड्याळ काढून बसलेत.

हे काम माझ्याकडे का आलं ते आधी सांगते. बावीस वर्षांपूर्वी मी या घरात सून म्हणून आले, तेव्हा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चहा देताना मी आक्कांना विचारलं, "तुम्ही मुलीकडच्या का?" सख्ख्या आत्तेसासूबाईंना! आक्का अजून ते ऐकवतात. तेव्हा जिचा सगळ्यात जास्त गोंधळ उडाला, तिनंच आज ओळख करून द्यायची असं ठरलं.

आज अठ्ठावन्न माणसं जमलोय. सगळी नावं मी सांगणार नाही, तुमच्याही लक्षात राहणार नाहीत. फक्त माझ्या मागचा हा फोटो बघा. खुर्चीवर तात्या आणि बाई, पंचवटीतल्या वाड्याच्या ओट्यावर. सोबत चार मुलं. इथला प्रत्येक जण या चौघांपैकी कुणाचा तरी आहे, किंवा लग्न करून त्यांच्यात आलाय. मी ज्यांचं नाव घेईन त्यांच्या घरच्यांनी उभं राहायचं, आणि पुढचं नाव घेतलं की बसायचं.

तुमच्या डाव्या हाताला, दोन वेण्यांची, कपाळावर आठी असलेली, ती आक्का. फोटोत नवीन चप्पल चावत होती म्हणे. आक्कांना येवल्याला दिलं, पैठणी विणणाऱ्या घरात. लग्नानंतर माग शिकल्या, आणि आजही कुणाच्या अंगावर पैठणी दिसली की नमस्काराच्या आधी पदर उलटून मागची बाजू बघतात. तीन मुलगे, सुना, नातवंडं. उठा येवलेकर! ...बसा.

त्यांच्या शेजारी टोपीवाले अण्णा. तात्यांची निफाडची जमीन त्यांनी सांभाळली आणि तिथं द्राक्षं लावली. आपलं संमेलन मे महिन्यात का, याचं उत्तर हेच घर आहे. माल उतरून एप्रिलची छाटणी आटोपल्याशिवाय यांच्यातलं कुणी बागेबाहेर पाऊल टाकत नाही. अण्णा आज नाहीत. काकू आहेत, पहिल्या रांगेत, हिरव्या लुगड्यात. दोन मुली, एक मुलगा. उठा निफाडकर. काकू, तुम्ही बसूनच राहा.

आता इथं जरा नीट ऐका, कारण नवीन जावई इथंच अडकतात. आक्कांच्या थोरल्या मुलाचं, नानांचं, लग्न अण्णांच्या थोरल्या मुलीशी झालं. मामाची मुलगी केली. त्यामुळे माई आक्कांची भाचीही आणि सूनही. त्यांच्या मुलांना निफाडचा दादा आईकडून मामा लागतो आणि वडिलांकडून काका. मुलांनी मामाच म्हणायचं ठरवलंय, कारण मामा आंबे देतो. माई, तुम्ही मघाशी येवलेकरांत उभ्या राहिलात आणि आत्ता परत निफाडकरांतही. मोजणीत मी तुम्हाला एकदाच धरलंय हं.

तिसरे, हाफ पँटमधले, ते भाऊ, माझे सासरे. ओझरच्या विमान कारखान्यात उभी नोकरी झाली. दोन मुलगे, एक मुलगी. या घरात एक बंडू आहे आणि येवल्यातही एक बंडू आहे. हाक मारली की दोघंही "ओ" देतात आणि काम सांगितलं की दोघंही गायब. उंच तो येवल्याचा. चष्मेवाला ओझरचा, त्याच्याकडे मी बघते. उठा ओझरकर! पुण्याची मंडळीसुद्धा, तुम्हीही ओझरकरच.

आणि बाईंच्या मांडीवर जे गाठोडं दिसतंय ती बेबी. बेबीआत्या सहासष्ट वर्षांच्या आहेत, नाव बदलायचं राहूनच गेलं. घर नाशिकरोडला, यजमान नोटांच्या प्रेसमध्ये होते. दिवाळीला ते भाच्यांना कोऱ्या करकरीत नोटा द्यायचे, आणि ओझरच्या बंडूला पाचवीपर्यंत वाटायचं की काका त्या घरीच छापतात. मुलगी, मुलगा आणि त्यांची मुलं. सगळ्यात छोटं घर, आवाज मात्र सगळ्यात मोठा. उठा! ...बघा, म्हटलं नव्हतं?

झालं. जेवताना कुणाला ओळखलं नाही तर "तुम्ही कोण?" असं विचारू नका. "फोटोतलं कुणाचं?" असं विचारा. येवला, निफाड, ओझर, नाशिकरोड, यातलं एक उत्तर येईलच.

पंगतीआधी एक काम आहे. हाच फोटो परत काढायचाय, त्याच क्रमानं. आक्का, डावीकडे या. चप्पल काढली तरी चालेल. बेबीआत्या, मांडीवर कुणी घेणार नाही, खुर्ची ठेवलीय. अण्णांच्या जागी काकू बसतील. काकूंनी पिशवीतून त्यांची टोपी आणलीय, ती मांडीवर ठेवा काकू, समोरून दिसेल अशी. भाऊ, घड्याळ खिशात घाला आणि या, तुमचीच जागा रिकामी आहे.