खाली काही ठेवायचं नाही

30 जूनला, रविवारी, मी पुण्यात उतरलो आणि त्याच दिवशी माउली न् तुकोबा पण पुण्यात येणार होते, हे मला वणीत कोणीच सांगितलं नव्हतं. बीडच्या पुढं ट्रॅव्हल्सचं टायर फुटलं, त्यामुळं सकाळी सहाची गाडी वाघोलीला दुपारी साडेबाराला आली, रिक्षावाल्यानं मनपापाशी सोडून दिलं आणि म्हणाला पुढं रस्ते बंद, जा आता चालत. मग एक सुटकेस, एक गादीची वळकटी, आईनं दिलेला तिखटाचा डबा असं सगळं घेऊन शिवाजी पूल, शनिवारवाडा करत नारायण पेठेत पोचलो तेव्हा शर्ट पिळून काढता आला असता. वाटेत एका वारकरी बाबानं वळकटी बघून विचारलं, कोणती दिंडी?

काकूंनी दार उघडलं. वय 77, नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, हातात केरसुणी. मी "आजी, मी प्रफुल" म्हणालो तर पहिलं वाक्य हे, "आजी तुझ्या घरी. इथं काकू म्हण." दुसरं वाक्य, "ती सुटकेस खाली टेकवू नकोस."

मला वाटलं फरशी नुकतीच पुसली असल.

तळमजल्यावरची खोली, दहा बाय बारा, भाडं साडेसहा हजार, डिपॉझिट दोन महिन्याचं. लोखंडी कॉट, तिच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा, म्हणजे बसलो की पाय लोंबकळणार. भिंतीत वर फडताळ, त्याच्यावर पोटमाळा. आणि चार्जिंगचा पॉइंट माझ्या कपाळाच्या उंचीला! खोलीत खाली एक पण बोर्ड नाही. मी विचारलं काकू असं कसं, तर म्हणाल्या मोबाइल पिशवीत घालून लटकव, आधीचा मुलगा लटकवायचा. तर रोज रात्री कॅरीबॅगेत मोबाइल, कॅरीबॅग प्लगला, आणि कोणाला मेसेज करायचा असला की भिंतीला तोंड करून उभा. ऑफिसातली पोरं म्हणायची हा रात्री नऊनंतर ऑनलाइनच नसतो, कोणीतरी आहे याची. कोणीतरी म्हणजे भिंत होती.

नियम दोनच होते पण ते पाटीवर लिहिलेले नव्हते (पुण्याच्या पाट्यांचे जोक प्लीज नको, ऐकून कंटाळलो), ते काकू स्वतः येऊन सांगायच्या आणि रोज सांगायच्या. एक, खाली काही ठेवायचं नाही, चप्पल सोडून. दोन, सकाळी साडेपाचला पाणी आलं की सगळी भांडी भरायची. सगळी म्हणजे सगळी. बादली, पिंप, कळशी, दोन पातेली, तांब्या, माझी ऑफिसची बाटली पण. मी म्हटलं काकू दिवसभर टाकीचं येते ना नळाला. त्या म्हणाल्या, "येतंय तोवर येतंय."

माझी नोकरी डेक्कनला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात, कॅडवर ड्रॉइंगं करायची. भिडे पुलावरून चालत गेलं की पंधरा मिनिटं. पहिल्या आठवड्यात खरं सांगायचं तर पुणं मला बिलकुल आवडलं नाही. पाऊस पडते पण धड पडत नाही, दिवसभर रिपरिप. मेसची भाजी गोड. भाजीवालीला सांबार मागितला तर ती म्हणे हॉटेलात मिळल की, मग बोटानं कोथिंबिरीची जुडी दाखवावी लागली. ऑफिसात "येऊन राहिलो" म्हटलं की एक जण हसायचाच. रात्री आईला फोन करायचो, तो पण उभ्यानं, आणि म्हणायचो, "आई, इथं मले करमत नाही. म्हातारी विटा मोजते."

विटा मोजत नव्हत्या, पण दिवसातून एकदा केरसुणीचा दांडा कॉटखाली फिरवायच्या हे खरं. काही लागलं की हाक यायची, "वणी!" नावानं नाही, गावानं. सुटकेस पोटमाळ्यावर, वळकटी कॉटवर, तिखटाचा डबा फडताळात. एकदा वर्तमानपत्राची रद्दी तीन दिवस कोपऱ्यात राहिली तर ती पण वर.

भांडण झालं ते फाइलवरून. दहावी, बारावी, डिप्लोमा, जातीचा दाखला, सगळे ओरिजनल एका निळ्या फाइलीत होते. ऑफिसात जॉइनिंगसाठी दाखवायचे होते म्हणून रात्री काढून ठेवले आणि झोपताना कॉटखाली सरकवले. सकाळी पाणी भरून, अंघोळ करून आलो तर फाइल नाही. माझी तर बोबडी वळली. गादी उलटी केली, सुटकेस काढली, मोरीत पण बघून आलो. वीस मिनिटांनी काकू म्हणतात, "ती निळी का? ती माझ्या माळ्यावर आहे, पत्र्याच्या पेटीत." मग काय, माझा तोल गेला. म्हटलं काकू, खोली तुमची असली तरी भाडं मी देतो, माझ्या कागदांना हात लावायचं काही काम नाही. जरा जोरातच म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. स्टुलावर चढल्या, त्या वयात, मी धरायला गेलो तर हात झटकला, फाइल काढली आणि माझ्या हातात न देता फडताळात सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली.

तो दिवस 12 जुलै होता. तारीख लक्षात राहायचं कारण तेव्हा मला माहीतच नव्हतं, नंतर कळलं. त्या दिवशी काकूंनी दार दिवसभर बंद ठेवलं होतं आणि संध्याकाळी त्यांच्या खिडकीत एक पणती होती. मला वाटलं माझ्यावरच रागावल्या. पुढचे दहा-बारा दिवस आमचं बोलणं म्हणजे सकाळी "पाणी आलं" आणि रात्री "कडी लाव".

मग 24 ची रात्र. धरणाच्या बाजूला धो धो चालू होता, व्हॉट्सॲपवर ते आपलं खडकवासल्यातून इतकं सोडणार तितकं सोडणार येत होतं, मी वाचून झोपलो. भिडे पूल तर दर पावसाळ्यात बुडतोच म्हणतात, उद्या लकडी पुलावरून जाऊ, बस. अडीच-पावणेतीनला दार वाजलं. काकू, अंगावर शाल, हातात बॅटरी.

"ऊठ वणी. कागद घे, अंथरूण घे, वर चल."

नदी आमच्या गल्लीपासून तशी लांब नाही पण पाणी येईल इतकी जवळ पण नाही, हे मी समजावत होतो. तोवर त्यांनी माझी फाइल काढून शालीखाली धरली होती. मग गेलो. तिसऱ्या मजल्यावर गच्चीच्या जिन्यात आम्ही दोघं, पत्र्याची पेटी, एक कळशी भरून पाणी आणि पार्ले बिस्किटाचा पुडा. वरच्या बिऱ्हाडातले एक काका दार उघडून बघून गेले, काही बोलले नाहीत. त्यांना सवय असावी.

खूप वेळ पावसाचाच आवाज. मग त्या आपणहून बोलायला लागल्या, माझ्याकडं न बघता.

"चौदा वर्षांची होते. 61 सालची 12 जुलै. आम्ही पण भाड्यानंच राहायचो, शनिवारात, ओंकारेश्वराच्या अंगाला. पानशेत फुटलं म्हणून लोक ओरडत आले, वडील म्हणाले अफवा आहे. आईनं आमटीला फोडणी दिली होती. आम्ही नेसत्या कपड्यांनी पळालो, लांबून वळून बघितलं तर वाडा नव्हताच."

मी काय बोलणार. बिस्किटाचा पुडा फोडला.

"तुला गंमत सांगू? पूर ओसरला आणि प्यायला पाणी नाही. खडकवासलाही फुटलेलं ना. घरभर गाळ, कमरेएवढा, आणि तांब्याभर पाण्यासाठी आम्ही पेठेतल्या जुन्या विहिरींवर रांगेत. पुढं गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या खोल्या मिळाल्या. लग्न होऊन परत इकडंच आले बघ, नशीब."

"आणि कागद?" मी विचारलं.

"सगळे खालच्या खणात. माझा शाळेचा दाखला पण. परत काढायला वडील दोनदा गेले, शाळेचंच दप्तर भिजलेलं. तिसऱ्यांदा नाही गेले. मुलीचा दाखला, कशाला हवा." एवढंच म्हणाल्या आणि शाल नीट केली. फाइल मांडीवरच होती त्यांच्या. माझी डिप्लोमाची मार्कशीट.

पहाटे कधीतरी मला डोळा लागला. जागा झालो तेव्हा उजाडलेलं, मोबाइलवर वीस मेसेज. 35 हजार क्युसेकच्या वर सोडलं होतं, सिंहगड रोडला एकता नगरीत लोकांना बोटीनं काढत होते, शाळांना सुट्टी. आणि डेक्कनच्या बाजूला पुलाच्या वाडीत शॉक लागून तीन पोरं गेली होती, रात्रीच. मी रोज तिथूनच जवळून जायचो. काकूंना वाचून दाखवलं तर त्यांनी फक्त विचारलं, "वायर खाली होती?" मला माहीत नव्हतं.

आमच्या गल्लीत डबकी सोडून पाणी आलं नव्हतं. मी पेटी उतरवायला गेलो तर म्हणाल्या राहू दे आज वरच. मग खाली येऊन त्यांनी उपमा केला, मी भांडी भरली, साडेपाचचं पाणी आठला आलं होतं. उपम्यावर कोथिंबीर नव्हती, त्यावर मी म्हटलं सांबार संपला वाटतं, तर त्या म्हणाल्या, "उपम्याबरोबर सांबार कोण खातं?" दहा मिनिटं लागली समजावायला. पटलं नाहीच त्यांना.

1 ऑगस्टला भाडं द्यायला गेलो. पाचशेच्या तेरा नोटा दोनदा मोजल्या, बोटाला थुंकी लावून. पावती दिली, सही खणखणीत. आणि म्हणाल्या, "लाइटचे दोनशे वेगळे. तू रात्री मोबाइल शंभर टक्के झाला तरी काढत नाहीस." मी म्हटलं झोपलेला असतो काकू. त्या आत गेल्या आणि काहीतरी आणून माझ्यापुढं टाकलं.

जुन्या ब्लाउजपीसची पिशवी होती, जांभळी, डबल शिवण. वर अडकवायला नाडी, आणि खालच्या बाजूला बरोबर वायर जाईल एवढं काज, बटणाला करतात तसं, चारी बाजूंनी दोऱ्यानं बारीक विणलेलं.

त्या दिवसापासून मोबाइल तिच्यात लटकतो. कापड जाड आहे, आतून अलार्म ऐकू येत नाही, पण साडेपाचला काकू दार वाजवतातच.