लोणार विवराचे वय : भाषणाची संहिता आणि तिचे लेखरूप

सर, परिसंवादातल्या तुमच्या वीस मिनिटांच्या भाषणातला वयाचा भाग लेखरूपात आणून पाठवत आहे. शेजारी मूळ ठेवले आहे, म्हणजे काय हलवले ते दिसेल.

भाषणात (स्लाइड ७ ते ९)

"तर मंडळी, ही पुढची स्लाइड बघा. हे गोल दिसतंय ना, ते आपलं लोणार. बेसाल्टमधलं जगातलं एकमेव विवर बरं का! सत्तरच्या दशकात अमेरिकन आणि आपल्या भूवैज्ञानिकांनी सिद्ध केलं, की हे उल्का पडूनच झालंय, ज्वालामुखीनं नाही. मग वय किती? बावन्न हजार तुम्ही सगळीकडे वाचलं असेल. पण नंतर ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी सांगितलं, पावणेसहा लाख! म्हणजे दसपट! का? तर मघाशी म्हटलं तसं, दगडात जुना आरगॉन अडकून राहतो."

लेखात

लोणार येथील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर दख्खनच्या बेसाल्ट खडकात आहे. ते अशनीच्या आघाताने निर्माण झाले, ज्वालामुखीने नव्हे, हे आघातखुणा असलेल्या खडकांच्या आधारे दाखवण्यात आले (फ्रेडरिकसन व इतर, १९७३). बेसाल्टमधील आघातविवरे पृथ्वीवर दुर्मीळ आहेत. ब्राझीलमधील व्हिस्टा अलेग्रे (क्रोस्टा व इतर, २०१०) आणि व्हार्जेआओ (क्रोस्टा व इतर, २०१२) ही त्यांची इतर उदाहरणे होत.

विवराच्या वयाबद्दल दोन अंदाज परस्परांपासून फार दूर आहेत. थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने ते ५२,००० ± ६,००० वर्षे मिळाले (सेनगुप्ता व इतर, १९९७), तर आघातात वितळून गोठलेल्या खडकाच्या आरगॉन-आरगॉन मापनातून ५,७०,००० ± ४७,००० वर्षे (जुर्दां व इतर, २०११). दुसरा आकडा पहिल्याच्या सुमारे अकरा पट आहे.

थर्मोल्युमिनेसन्स पद्धत नमुना शेवटचा तापला किंवा उजेडात आला तेव्हापासूनचा काळ मोजते, आणि संकेत साठवण्याची क्षमता भरली की पुढचा काळ तिच्यात नोंदला जात नाही. दोन्ही कारणांनी वय कमी येऊ शकते. आरगॉन पद्धतीत धोका उलट असतो. मूळ बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा असल्याने, वितळताना त्यातील आरगॉन पूर्ण निसटला नाही, तर वय वाजवीपेक्षा जास्त येते. आयसोक्रोन आलेखातून या अडकलेल्या आरगॉनचा वाटा वेगळा काढता येतो.

बदलांबद्दल

"तर मंडळी", "बरं का", "मघाशी म्हटलं तसं" हे गाळणे सोपे होते. "दिसतंय", "झालंय" यांची "दिसते", "झाले" अशी पूर्ण रूपे केली. एकाच परिच्छेदात दोन्ही राहिली तर वाचक अडखळतो. "ही स्लाइड बघा" म्हणून जे दाखवले होते, त्याच्या जागी व्यास आला.

खरा घोळ शेवटच्या "का?" मध्ये होता. ऐकताना वाटते, अडकलेल्या आरगॉनमुळेच दोन आकड्यांत फरक पडला. पण त्यातून वय वाढते एवढेच कळते. बावन्न हजार का आले, हे कळत नाही. बोलताना आवाजाच्या जोरावर जे सांधले जाते, ते कागदावर उघडे पडते. म्हणून दोन पद्धतींच्या दोन मर्यादा वेगळ्या लिहिल्या. त्यामुळे दोन वाक्यांच्या जागी पाच झाली, आणि ती तशीच ठेवावीत असे माझे ठाम मत आहे.

"एकमेव" गेले, कारण ब्राझीलच्या नोंदी समोर आहेत. "उल्का" च्या जागी "अशनी" आला. उल्का आकाशात दिसते, अशनी जमिनीवर पोचतो. "पावणेसहा लाख" ऐकायला छान आहे, पण लेखात ± सकट मूळ आकडाच हवा, नाहीतर ४७,००० वर्षांची अनिश्चितता हरवते. "दसपट" ही बोलण्यातली गोळाबेरीज; भागाकार केला तर ११ येतात.

"अमेरिकन आणि आपल्या भूवैज्ञानिकांनी", "ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी" यांच्या जागी नाव आणि साल घातले. कुणाचे म्हणणे आहे हे कळल्याशिवाय वाचक ते तपासू शकत नाही.

आपल्याकडून दोन गोष्टी हव्यात. १९९७ च्या लेखाची प्रत आपण स्वतः पाहिली आहे का? की तो आकडा नंतरच्या एखाद्या लेखातून घेतला? तसे असेल तर कंसात "उद्धृत" घालून त्या नंतरच्या लेखाचे नाव द्यावे लागेल. आणि स्लाइड ८ वरचे विवराचे छायाचित्र कुणी काढले ते कळवा. परवानगीशिवाय ते छापता येणार नाही, आणि ती शुक्रवारपर्यंत मिळाली नाही तर त्या जागी मी विवराचा साधा छेद-नकाशा काढून घेईन.